सव्वाआठचं मलम, दहाची सुई

आमचा ओमू सहा वर्षांचा आहे, वजन अठरा किलो. त्याला हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त गोठवणारं फॅक्टर आठ अंगात तयारच होत नाही. म्हणून दर सोमवारी आणि गुरुवारी मी त्याला खानापुराहून बेळगावला नेते आणि शिरेतून फॅक्टर देऊन आणते. ५०० युनिटची एक बाटली, बारीक फुलपाखरू सुई, आणि खरं काम जेमतेम पाच मिनिटांचं. पण त्या पाच मिनिटांसाठी पोरगं आदल्या रात्रीपासून जेवायचं नाही. मच्छे आलं की बसमध्येच मुसमुसायला लागायचं, पिरनवाडीला भोकाड पसरायचं, आणि उद्यमबागेत कामगार उतरायला लागले की सगळी बस माझ्याकडे अशी बघायची जणू मीच त्याला चिमटे काढतेय.

सुन्न करायच्या मलमाबद्दल पहिल्यांदा ऐकलं ते बेळगावच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर, दुसऱ्या एका बाईकडून. तिच्या मुलीला लावत होते म्हणे. मी लगेच डॉक्टरांना विचारलं आणि त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. सोपं काम वाटलं. ते जमायला मला चार खेपा लागल्या. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

पहिली खेप दुकानातच फसली. चिठ्ठी आमच्याच पिशवीत ओली झाली होती, अक्षर फुटलेलं. दुकानातल्या मुलाने विचारलं, "सुन्न करायचंच ना?" मी हो म्हटलं. त्याने एक ट्यूब दिली. पारदर्शक, बुळबुळीत जेली. मी ती ओमूच्या हाताला फासली, तास-दीड तास थांबले, आणि सुई टोचल्यावर पोरगं नेहमीसारखंच किंचाळलं. सिस्टरने ट्यूब हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि हसली. ती होती २ टक्के लिग्नोकेनची जेली. ती तोंडाच्या आत, लघवीच्या नळीसाठी, अशा ओल्या पातळ आवरणावर चालते. धडधाकट कोरड्या कातडीतून ती आत उतरत नाही. हातावर ती लावणं म्हणजे खिडकी बंद ठेवून काचेवर पाणी मारणं.

पाहिजे होतं ते पांढरं मलम. त्यात दोन औषधं असतात, लिग्नोकेन २.५ टक्के आणि प्रिलोकेन २.५ टक्के. टक्केवारी जवळपास जेलीएवढीच, मग हे कातडीत कसं शिरतं, हे मला कळेना. डॉक्टरांनी सांगितलं की ही दोन्ही औषधं एकेकटी घट्ट, पण एकत्र केली की एकमेकांना विरघळवून तेलासारखी पातळ होतात. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमच्या सासूबाई अजून घरी अमृतधारा करतात. कापूर, ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल, तिन्ही कोरडे खडे बाटलीत टाकायचे, आणि बघता बघता पाणी होतं, वरून थेंबभर पाणी न घालता. तोच प्रकार. मलमातल्या त्या बारीक तेलकट थेंबांत औषध गच्च भरलेलं असतं, म्हणून ते कातडीचा वरचा थर ओलांडतं. आता मी दुकानात नाव सांगत बसत नाही. "लिग्नोकेन-प्रिलोकेन, दोन्ही अडीच टक्के" एवढं बोलते आणि खोक्यावर ते दोन्ही शब्द वाचल्याशिवाय पैसे देत नाही.

दुसऱ्या खेपेला मलम बरोबर होतं, बाई चुकली. मी ते चोळलं. आपल्याकडे मलम म्हटलं की बोट आपोआप गोल फिरतं, सर्दीला छातीवर, मुरगळल्यावर घोट्यावर. ओमूच्या हातावर वाटाण्याएवढं घेतलं, छान जिरवलं, वरून कापूस ठेवून बँडेज गुंडाळलं. हे सगळं केलं दवाखान्यात पोचल्यावर. वीस मिनिटांत आमचा नंबर आला. बँडेज सोडलं तर कापूसच पांढरा, हात कोरडा. जे काही औषध होतं ते कापसाने पिऊन टाकलं होतं. त्या दिवशी ओमू मला म्हणाला, "तू खोटं बोललीस." सुईपेक्षा ते जास्त लागलं.

त्या गुरुवारी डॉक्टरांना जरा सवड होती. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं की या मलमाच्या तीन गोष्टी आहेत, जाडी, झाकण आणि वेळ, आणि यातली एक जरी चुकली तरी बाकीच्या दोन फुकट जातात. शिवाय एक आधीची गोष्ट त्यांनी स्वतः तपासली. ओमूला जी-सिक्स-पीडी नावाच्या द्रव्याची कमतरता नाही ना, दुसरी कुठली गोळी चालू नाही ना. प्रिलोकेन अंगात फुटताना जो पदार्थ तयार होतो तो काहींच्या रक्तातला लोहाचा भाग बिघडवतो. मग रक्त असतं, पण प्राणवायू पोचवत नाही. सल्फाच्या गोळ्या, फिटच्या काही गोळ्या चालू असतील तर हा धोका वाढतो. ओठ, नखं निळसर-राखाडी दिसली, धाप लागली, पोरगं अकारण मलूल पडलं, तर मलम ताबडतोब पुसायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा. ओमूला असं कधी झालं नाही, पण त्याच्या नखांकडे बघायची सवय मात्र मला लागली आहे.

आता जाडीचं बघा. मी ब्लाउज शिवते, मापाशिवाय माझा हात चालत नाही. "जाडसर थर लावा" म्हणजे किती, हे विचारल्याशिवाय मला राहवेना. ते म्हणाले, दहा चौरस सेंटिमीटरला एक ग्रॅम. घरी येऊन टेपने ओमूच्या कोपराच्या खळगीत मोजलं. तीन सेंटिमीटर बाय तीन, थोडं जास्त, एवढा चौकोन पुरतो. आणि एक ग्रॅम? ओमूचे पप्पा कौलांच्या कारखान्यात आहेत, त्यांच्या दोस्ताचं सोनाराचं दुकान. पप्पा बटर पेपर घेऊन गेले आणि सोन्याच्या काट्यावर चक्क मलम तोलून आणलं. सोनार म्हणाला म्हणे, एवढ्या वर्षांत हा जिन्नस पहिल्यांदा काट्यावर आला. एक ग्रॅम म्हणजे भिजलेल्या काबुली चण्याएवढा गोळा. ५ ग्रॅमच्या ट्यूबचा पाचवा भाग. तो त्या चौकोनावर पसरला की साधारण एक मिलिमीटर जाडीचा होतो, आमच्या भाषेत जीनच्या कापडाएवढा. खालची कातडी दिसता कामा नये. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं बाईने मलम वाया घालवलं. सासूबाईंना तर रोज वाटतं.

दोन जागा करते, एक कोपराच्या खळगीत, दुसरी दुसऱ्या हाताच्या पाठीवर. कारण शीर पहिल्या जागी मिळेलच असं नाही, आणि मिळाली नाही तर बधिर न केलेल्या जागी टोचावं लागतं, मग सगळ्या मेहनतीवर पाणी. दोन जागांना दोन ग्रॅम. एक ते सहा वर्षांच्या, दहा किलोच्या वरच्या मुलाला एका वेळी जास्तीत जास्त १० ग्रॅम, आणि तेही चार तासांपेक्षा जास्त वेळ नाही, ही डॉक्टरांनी सांगितलेली वरची रेघ. आम्ही तिच्या जवळपासही जात नाही. जागा कुठली ते मी ठरवत नाही. आदल्या खेपेला सिस्टर बॉलपेनने बारीक फुली मारून देते, दोन दिवस ती टिकते. पुसट झाली की मी पुन्हा गिरवते. मलम खरचटलेल्या, सोललेल्या जागी लावायचं नाही, कालच्या सुईचा व्रण ओला असेल तर तिथेही नाही.

झाकणाचं काम खरं तर माझ्याच धंद्यातलं. डॉक्टरांकडची पारदर्शक चिकट पट्टी सगळ्यांत उत्तम, पण आठवड्याला चार पट्ट्या म्हणजे खर्च. त्यांनीच सांगितलं की स्वयंपाकघरात चपात्या गुंडाळतात ती पातळ प्लॅस्टिकची फिल्म चालते. झाकायचं कशासाठी, तर मलम वाळू नये, पुसलं जाऊ नये आणि हवा न लागल्यामुळे कातडी ओलसर राहून औषध आत ओढावं. उघडं ठेवलेलं मलम वरून वाळतं आणि तिथेच बसून राहतं. मी फिल्मचा सात-आठ सेंटिमीटरचा चौकोन कापते, मलमावर अलगद ठेवते, आणि बोट मध्ये न दाबता फक्त चारी कडांनी कागदी चिकटपट्टी लावते. मध्ये दाबलं की मलम कडेला पळतं, पट्टी चिकटत नाही, आणि जिथे सुई जायची तिथेच थर पातळ होतो. एकदा कडा सुटली आणि मलम गळून बाहीला लागलं. बाही मस्त बधिर झाली असणार. फिल्म हाताभोवती गुंडाळायची मात्र नाही. हात फुगला, बोटं लाल झाली की समजावं, घट्ट झालं.

आणि पोरगं आहे, चाटणार. ते मलम तोंडात गेलं तर जीभ-घसा बधिर होतो, गिळताना ठसका लागतो, जास्त गेलं तर त्याहून वाईट. म्हणून उरलेल्या अस्तरातून मी त्याला दोन सैल बाह्या शिवून दिल्यात, वर-खाली हलकं इलॅस्टिक. एकीवर त्याच्या हट्टाखातर क्रिकेटची बॅट काढलीय, दुसरीवरची बॅट भेंडीसारखी दिसते.

वेळ. कमीत कमी एक तास. एका तासात बधिरपणा साधारण तीन मिलिमीटर खोल जातो, दोन तासांत पाच. कोपरातली शीर वरवरच असते, तिला तास पुरतो, पण घाईघाईचा पाऊण तास पुरत नाही. दवाखान्यात कोण कुणासाठी तास थांबणार? तिथे गर्दी असते, सिस्टर एकटी, तिला मी दोष देत नाही. म्हणून डॉक्टरांच्या परवानगीने मी मलम घरी लावते आणि बसचा प्रवासच थांबण्याचा वेळ करून टाकला आहे. सव्वाआठला लावते, चिकटपट्टीवर बॉलपेनने "८:१५" लिहिते. पावणेनऊची लाल बस धरते. मला शून्य तिकीट, ओमूला अर्धं. शक्ती योजनेमुळे बायकांना फुकट झाल्यापासून बस इतकी भरते की कुणाची पिशवी, कुणाचं कोपर हातावर घासेल सांगता येत नाही. म्हणून खिडकीची जागा मिळाली तर बरं, नाहीतर त्याला मांडीवर घेऊन दोन्ही हात माझ्या पदराखाली. पट्टीवर वेळ लिहिणं मला आधी फालतू वाटलं होतं. पण दवाखान्यात जो कुणी हात धरतो तो आधी तेच वाचतो. माझ्या "झाला की एक तास" वर कुणी विश्वास ठेवत नव्हतं. पट्टीवर ठेवतात.

तिसऱ्या खेपेला हे सगळं बरोबर केलं. सव्वानऊ वाजून गेले होते, फिल्म काढली. आत कातडी पांढरीफटक, जणू खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी. ओमूला चिमटा घेतला तर हसला. माझ्या जिवात जीव आला. आणि सिस्टर रबरी पट्टा बांधून बोटाने चाचपत राहिली. "नरा सिगवल्दु," असं कानडीत दोनदा म्हणाली. शीर सापडेना. हेच मलम शिरा आकसवतं! कातडी पांढरी पडते ती त्यामुळेच. बाकी मुलांना हे एक वेळ चालेल. हिमोफिलियाच्या पोराला फसलेली प्रत्येक टोचणी म्हणजे निळा डाग, कधी कधी फुगलेला हात. दुखलं नाही म्हणून टोचत राहायचं, असं इथे चालत नाही. फॅक्टर तर अजून गेलेलंच नसतं. एक चुकली, दुसऱ्या हाताच्या पाठीवर मिळाली. ओमू रडला नाही. मी मात्र पाच मिनिटं त्या चुकलेल्या जागेवर कापूस दाबून बसले होते आणि विचार करत होते की यापेक्षा रडलेला परवडला की काय.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सुरुवातीला शिरा आकसतात, नंतर सैल पडतात. म्हणून अगदी तासाच्या ठोक्याला काढून लगेच टोचायला जाऊ नका. दीड तास राहू द्या, मग पुसा, आणि पुसल्यावर दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. मलम काढल्यावरही बधिरपणा तास-दीड तास टिकतो, त्यामुळे घाई नाही. तेवढ्या वेळात हात खाली सोंडेसारखा सोडायचा, कोमट ओला रुमाल धरायचा, मूठ उघडझाक करायची. पण कोमट रुमाल मलम पुसल्यानंतरच. मलम अंगावर असताना गरम केलं तर औषध भराभर आत जातं. आणि सकाळी पाणी भरपूर पाजायचं. मी याआधी बसमध्ये शू नको म्हणून त्याला पाणीच देत नव्हते. सुकलेल्या पोराच्या शिरा कशा दिसणार?

चौथी खेप गुरुवारी. सव्वाआठला मलम, साडेआठला एक फुलपात्र पाणी आणि वर थोडं ताक. बस उशिरा आली, मनात धाकधूक. पावणेदहाला दवाखान्याच्या पायरीवर. घड्याळ बघितलं, दीड तास झालेला. पट्टी काढताना ओढून नाही काढली. कडेला थोडं पाणी लावून, कातडी एका बोटाने धरून हळूहळू सोलली, कारण ओमूच्या कातडीखाली नुसतं ओढल्यानेही डाग पडतो. कोरड्या कापसाने मलम पुसलं, घासलं नाही. घासलं की पांढऱ्यावर लाल होतं आणि सिस्टरला फुली दिसत नाही. मग नळाखाली रुमाल कोमट करून हातावर धरला, नऊ-दहा मिनिटं. पांढरेपणा जाऊन कातडी गुलाबी झाली, आणि खळगीत निळसर रेघ उठून आली. ती बघून मला झालेला आनंद कुंदा खाऊन होत नाही.

सिस्टरने स्पिरिटचा बोळा फिरवला आणि थांबली. स्पिरिट ओलं असताना सुई घातली तर तेवढं चुरचुरतं, ते बधिर जागीही थोडं कळतं. वाळू दिलं. "नोवागल्ला, बंगारा," म्हणजे दुखणार नाही, सोन्या. ओमूला मी वेगळं सांगून ठेवलं होतं. दुखणारच नाही असं नाही, "दाबल्यासारखं वाटेल, टोचल्यासारखं नाही वाटणार. सुई आत फिरली तर सांग." हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. या मलमाने स्पर्श जात नाही, दाब जात नाही, नुसती टोच जाते. मुलाला "काहीच कळणार नाही" सांगितलं आणि त्याला दाब कळला, की तो घाबरून हात ओढतो आणि आपण पुन्हा खोटारडे ठरतो. सुई गेली, नळीत रक्त दिसलं, तेव्हा सिस्टरने फॅक्टरची बाटली हातात घेतली. आधी शीर, मग पावडरीत पाणी. फॅक्टर गेलं. "आतु," म्हणजे झालं, म्हणाली. दाबून धरलं, पट्टी लावली. ओमूचं लक्ष दुसऱ्या बाहीवरच्या भेंडीकडे होतं.

तेव्हापासून बहुतेक वेळा जमतं. बहुतेक. मागच्या पावसात एकदा वाटेत वाहनांची रांग लागली आणि नंबर बारा वाजता आला. अशा वेळी "राहू दे अजून, आणखी बधिर होईल" असं करायचं नाही. मी सव्वादहाला, म्हणजे दोन तासांनी, बसमध्येच फिल्म काढून पुसून टाकलं. बाराला टोचलं तेव्हा पावणेदोन तास झाले होते, बधिरपणा उतरणीला लागला होता. थोडं लागलं त्याला. ओरडला नाही, पण दात आवळले. आणि सिस्टर बदलीवर गेली होती तेव्हा नवीन मुलीने सुई आत गेल्यावर शीर शोधत फिरवली, तेव्हा मलम असून ओमू रडला. ते बरोबरच होतं, मलमाची पोच पाच मिलिमीटरची, त्याखाली फिरवाफिरव केली तर कातडीचा बधिरपणा काय करणार.

घरात ट्यूब आहे म्हटल्यावर मागायला लोक येणारच. जावेच्या मुलीचं बारसं होतं, त्याच दिवशी कान टोचायचे ठरले. जाऊ म्हणाली, "तुझं ते मलम दे की, बाळ रडायचं नाही." मी दिलं नाही, आणि चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बारा दिवसांच्या बाळाच्या रक्तात तो बिघडलेला लोहाचा भाग पुन्हा ताळ्यावर आणणारं द्रव्य अजून पुरेसं तयार झालेलं नसतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला सगळं मिळून एक ग्रॅम आणि फक्त एक तास, तेही डॉक्टर समोर असताना. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्याला तर नाहीच. शिवाय कानाजवळ. आत गळलं तर कानाच्या पडद्याच्या आतल्या भागाला ते चांगलं नाही. मी तिला म्हटलं, तुमच्या डॉक्टरांना विचार, ते हो म्हणाले तर नवीन ट्यूब मी घेऊन देते. सोनाराने दोन सेकंदांत टोचले, बाळ एक टाहो फोडून दूध पिऊन झोपलं.

ट्यूब मी आधी शिलाई मशीनच्या खणात ठेवायचे. पण एका सकाळी ओमूचे पप्पा अर्धवट झोपेत ती टूथब्रशवर पिळताना सापडले, तेव्हापासून ती कपाटाच्या वरच्या फळीवर, डब्यात. तिथूनही गेल्या महिन्यात एक ट्यूब अर्धी झाली. सासूबाईंनी दुपारी गुडघ्याला चोळली होती. मी विचारल्यावर म्हणाल्या, "एवढं महागाचं मलम, गुडघा आहे तिथंच दुखालंय." पाच मिलिमीटरचं गणित त्यांना सांगितलं. त्यांनी अमृतधारेची बाटली काढली.